रात्री घुमणारा डीपी: आवाजाचं कारण, जास्त व्होल्टेजशी त्याचं नातं, आणि घरबसल्या करायची तपासणी

डिसेंबरातली गोष्ट. नागपुरात मनीषनगरच्या बाजूच्या एका सोसायटीतल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या बेडरूमच्या खिडकीखालीच सोसायटीचा डीपी, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर, आहे. "भाऊ, हा डीपी रात्री काहून एवढा घुमून राहिला? उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर चालू असतात तेव्हा गप असते, अन् आता लोड नाही तर कान फोडते. फुटते का काय?"

त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता आणि उत्तरही त्यातच होतं. लोड कमी असताना आवाज वाढतो, याचा अर्थ आवाज वाइंडिंगमधून, म्हणजे तारेच्या वेढ्यांमधून नव्हे, तर कोअरमधून, म्हणजे मधल्या लोखंडी गाभ्यातून येतोय. कोअर बोलतो तो व्होल्टेजची भाषा, लोडची नाही. ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या आवाजावरून व्होल्टेजचा अंदाज कसा घ्यायचा आणि पुढे काय करायचं, ते या सोसायटीच्या उदाहरणावरून सांगतो.

आवाज येतो कुठून

ट्रान्सफॉर्मरचा कोअर सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्यांच्या थप्पीचा असतो. लोखंड चुंबकित झालं की त्याची लांबी किंचित बदलते. जेम्स जूलने १८४२ मध्ये हे पाहिलं, आणि यालाच मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात. बदल फारच बारीक असतो, लांबीच्या साधारण दहा लाखांत एक भाग. म्हणजे सोसायटीच्या डीपीतला हातभर उंचीचा कोअर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास हलतो. माणसाचा केस याच्या शंभर-दीडशे पट जाड असतो. एवढीशी हालचालही तेलातून आणि खालच्या चॅनेलमधून टाकीच्या पत्र्यापर्यंत पोचते. टाकी आणि तिच्या फिन्स मिळून बऱ्यापैकी मोठा पृष्ठभाग होतो, तो ढोलाच्या कातड्यासारखा हवा हलवतो आणि आपल्याला घूंऽऽ ऐकू येतं.

आपली वीज ५० हर्ट्झची असली तरी हा आवाज १०० हर्ट्झचा असतो. लोखंड उत्तरेकडे चुंबकित होवो की दक्षिणेकडे, लांबीतला बदल एकाच बाजूचा होतो. त्याला दिशा कळत नाही, फक्त जोर कळतो. विजेच्या एका फेऱ्यात जोर दोनदा शिगेला पोचतो, म्हणून पत्रा एका सेकंदात शंभर वेळा ताणतो आणि सैल होतो.

पत्र्याच्या आत काय चालतं, हे थोडं समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा खेळ तिथेच आहे. लोखंडात छोटी छोटी क्षेत्रं असतात, प्रत्येकाचं चुंबकत्व एका दिशेला. चांगल्या कोअरचा पत्रा असा लाटलेला असतो की बहुतेक क्षेत्रं पत्र्याच्या लांबीलाच धरून असतात, काही पुढे तोंड करून, काही मागे. चुंबकत्व उलटताना या क्षेत्रांना फक्त तोंड फिरवायचं असतं. मागे पाहणारा पुढे पाहू लागला म्हणून रांगेची लांबी बदलत नाही. लांबी बदलते ती आडव्या तोंडाच्या क्षेत्रांमुळे. ती आडवी असतात तोवर पत्रा किंचित आखूड असतो, सरळ होताना लांबतो. चांगल्या पत्र्यात अशी आडवी क्षेत्रं कमी असतात, म्हणून तो शांत असतो.

पत्रा लांबीच्या दिशेने दाबला गेला, वाकला किंवा क्लॅम्प करताना त्याला पीळ बसला, तर हीच आडवी क्षेत्रं वाढतात. दुरुस्तीला आलेला कोअर उघडून परत नीट न रचल्यामुळे आधीपेक्षा जास्त आवाज करू लागलेला मी पाहिला आहे. पत्रे तेच, वाइंडिंग तेच, व्होल्टेजही तेच. बसवताना पत्र्याला वाकवलं, एवढाच फरक.

व्होल्टेज वाढलं की आवाज का वाढतो

कोअरमधलं चुंबकत्व ठरवणारं समीकरण छोटं आहे:

```
V = 4.44 × f × N × B × A
```

यात V म्हणजे वाइंडिंगवरचं व्होल्टेज, f फ्रिक्वेन्सी, N वेढे, A कोअरचं क्षेत्रफळ आणि B म्हणजे कोअरमधल्या चुंबकत्वाची घनता, जी टेस्लात मोजतात. वेढे आणि क्षेत्रफळ कारखान्यातच ठरलेलं असतं, आणि ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० च्या फार इकडेतिकडे जात नाही. उरलं व्होल्टेज. ते दहा टक्क्यांनी वाढलं की B दहा टक्क्यांनी वाढतो. या समीकरणात लोड कुठेच नाही.

पत्र्याचं ताणणं साधारण B च्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. मग B सात टक्क्यांनी वाढला तर ताण चौदा-पंधरा टक्क्यांनी वाढेल. डेसिबलमध्ये ही वाढ जेमतेम सव्वा भरते आणि तेवढी कानाला धड जाणवतही नाही. मग काकूंची झोप का मोडली?

कारण वाढलेला आवाज १०० हर्ट्झवर थांबत नाही. सिलिकॉन स्टील दोन टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं, म्हणजे त्यापुढे त्याच्यात चुंबकत्व मावत नाही. आपल्याकडच्या वितरण ट्रान्सफॉर्मरसाठी आयएस ११८० या मानकात अट आहे की साडेबारा टक्के जादा चुंबकत्व आलं तरी B १.९ टेस्लाच्या वर जाऊ नये. त्यावरून नेहमीचा B फार तर १.६९ निघतो, आणि पैसे वाचवायला बहुतेक उत्पादक डिझाइन त्याच हद्दीजवळ ठेवतात. तिथून वर गेलं की कोअरच्या कोपऱ्यांत, जिथे उभे आणि आडवे पत्रे ४५ अंशांत कापून जोडलेले असतात, तिथे आधी गर्दी होते. सांध्यातल्या बारीक फटी टाळून चुंबकत्व शेजारच्या पत्र्यात उडी घेतं, आणि तेवढा तुकडा बाकी कोअरच्या आधीच संपृक्त होतो. आता पत्र्याचं ताणणं आणि सैल होणं गुळगुळीत राहत नाही, त्याला टोकं येतात. टोकं आली की १०० च्या सोबत २००, ३००, ४०० हर्ट्झ येतात, आणि व्होल्टेज चढेल तसे तेच जास्त वेगाने फोफावतात.

आपला कान खालच्या सुरांना मंद असतो. ध्वनिमापनात कानासाठी जी ए-मोजपट्टी वापरतात, तिच्यात १०० हर्ट्झच्या आवाजातून १९ डेसिबल वजा होतात, २०० मधून ११, आणि ४०० मधून फक्त ५. म्हणजे तेवढाच जोर १०० वरून ४०० वर सरकला तर कानाला तो चौदा डेसिबलने जास्त वाटतो. जास्त व्होल्टेजवर डीपीचा आवाज फक्त मोठा होत नाही, त्याचा सूर चढतो. खर्जातली गुणगुण जाऊन कर्कश घूंघूं येते, आणि झोप मोडते ती या वरच्या सुरांमुळे.

आधी व्होल्टेज पाहा आणि २५० ने भागा

डीपीच्या कुंपणाच्या आत कुणीही जाऊ नये. ही सगळी तपासणी बाहेरूनच होते.

डीपीच्या नेमप्लेटचा फोटो कुंपणाबाहेरून झूम करून घ्या. त्यावर ११००० आणि ४३३ असे आकडे सापडतील. ४३३ हे दोन फेजमधलं व्होल्टेज. १.७३२ ने भागलं की एका फेजचं मिळतं, २५०. लोड नसताना हा ट्रान्सफॉर्मर एका फेजला २५० व्होल्ट द्यायलाच बनवलेला आहे. घराला २३० हवेत आणि वाटेत थोडे उतरतात, म्हणून वरचे वीस धरलेले. रात्री मीटरजवळ २५० दिसले तर कोअर बरोबर त्याच्या ठरलेल्या चुंबकत्वावर आहे. लोक इथेच घाबरतात, पण आवाजाच्या बाबतीत २५० हा दोष नाही.

आता व्होल्टेज वाचा. सोसायटीच्या कॉमन मीटरच्या डिस्प्लेवर आकडे फिरत असतात, त्यात तिन्ही फेजचं व्होल्टेज येतं. तार उघडावी लागत नाही, मल्टीमीटरही लागत नाही. रात्री अडीच-तीनच्या सुमाराला, पहाटे साडेपाचला पंप सुरू होण्याआधी, आणि दुपारी तीनला वाचा. असं निदान चार दिवस करा आणि लिहून ठेवा. एका रात्रीच्या आकड्यावर काही ठरवू नका.

रात्रीचा आकडा २५० ने भागला की कोअर ठरलेल्या पातळीच्या किती वर आहे ते कळतं. टॅप, म्हणजे ११ केव्हीच्या बाजूचे किती वेढे वापरायचे ते ठरवणारा स्विच, कुठे लावलाय, ११ केव्हीच्या लाइनवर नेमके किती व्होल्ट आहेत, यातलं काही माहीत असण्याची गरज नाही. एलटी, म्हणजे ४३३ व्होल्टच्या बाजूच्या, वाइंडिंगचे वेढे टॅपने बदलत नाहीत. त्यामुळे एका वेढ्यावर किती व्होल्ट पडले, ते एलटीचं व्होल्टेजच सांगतं, आणि कोअरमधला B तेवढाच असतो. लोड जास्त असताना मधे व्होल्टेज उतरतं आणि हिशेब थोडा चुकतो, म्हणून रात्रीचा आकडा धरायचा.

या सोसायटीत रात्री तीनला २६८ होते. २६८ भागिले २५० म्हणजे १.०७. कोअर सात टक्के वर होता. डिझाइन १.६९ चं धरलं तर सुमारे १.८१ टेस्ला. मानकाच्या १.९ च्या आत, म्हणजे ट्रान्सफॉर्मर फुटण्याची वेळ आलेली नव्हती. मी काकूंना आधी तेच सांगितलं. साडेबारा टक्क्यांची हद्द एलटीवर २८१ व्होल्टला येते. तिथे पोचलात तर आवाजाचा विचार बाजूला ठेवून लगेच वीज कंपनीला कळवा. फ्रिज, एलईडी दिवे आणि टीव्ही मात्र २६८ वरही आयुष्य गमावतात, म्हणून तेवढ्यावरही गप्प बसू नये.

मग आवाज ऐका, पण नीट

रात्री आजूबाजूची वाहतूक थांबते, पंखे-कूलर बंद असतात. तोच आवाज तेव्हा मोठा वाटतो. म्हणून फक्त कानावर विसंबू नका. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं कोणतंही मोफत ॲप चालतं. ते डेसिबलचा खरा आकडा सांगत नाही, पण एकाच फोनवर, एकाच जागी घेतलेली दोन मापं एकमेकांशी ताडून पाहता येतात. फोनमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर तुलना फसते. बऱ्याच फोनचे माइक १०० हर्ट्झला बहिरे असतात, तेव्हा २००, ३०० आणि ४०० ची शिखरं पाहा.

जागेचंही भान हवं. १०० हर्ट्झची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. कंपाउंडची भिंत आणि इमारत यांच्यामध्ये ती परतून परतून येते, त्यामुळे एका जागी आवाज दाटतो आणि तिथून लाटेच्या पाव लांबीइतकं, म्हणजे मीटरभराच्या आत, सरकलं की विरळ होतो. काकूंची उशी अशाच एका दाट जागी होती. पलंग समोरच्या भिंतीला लावला त्या रात्री त्यांना बराच फरक पडला. दुखणं तसंच राहिलं होतं, पण तेवढ्या दिवसांची झोप तरी मिळाली. मोजताना मात्र तीन-चार जागा घेऊन सरासरी काढा.

शिखरं कुठे उभी आहेत त्यावरून पुढचं निदान होतं. १००, २००, ३००, ४०० अशी उभी असतील आणि व्होल्टेजसोबत वरची वाढत असतील, तर ते मॅग्नेटोस्ट्रिक्शन आणि कोअरचं संपृक्त होणं. मधेच ५०, १५०, २५० दिसायला लागले तर कोअरमध्ये एकाच बाजूचं, डीसीचं चुंबकत्व शिरलंय. मग दोन अर्धफेरे सारखे राहत नाहीत आणि दुप्पट व्हायचा नियम मोडतो. बिघडलेला इन्व्हर्टर किंवा अर्धी लाटच वापरणारं एखादं हीटरसारखं उपकरण असं करतं. यावर टॅप बदलून काही होणार नाही, ते उपकरण शोधावं लागेल.

आवाज एकसंध नसून पत्रा थरथरल्यासारखा खडखडत असेल, आणि बाहेरून टाकीला जोडलेली एखादी नळी, झाकण किंवा नेमप्लेट सैल असेल, तर तो दोष बोल्टचा. पावसाळी रात्री चरचर-तडतड ऐकू आली तर बुशिंगवरचा, म्हणजे तारा टाकीबाहेर येतात तिथल्या इन्सुलेटरवरचा, डिस्चार्ज समजा. आणि आतून भांडं उकळल्यासारखा बुडबुड आवाज आला तर काहीही मोजत बसू नका, दूर व्हा आणि पुरवठा बंद करायला सांगा.

लोडचाही आवाज असतो. प्रवाहामुळे वेढे एकमेकांना खेचतात-ढकलतात, तोही १०० हर्ट्झचाच. पण तो प्रवाहासोबत वाढतो. सोसायटीच्या आकाराच्या डीपीत तो सहसा कोअरच्या आवाजाखाली दबून असतो. म्हणूनच दुपारी तीनची नोंद हवी. मे महिन्यात जास्तीत जास्त लोडला डीपी शांत आणि डिसेंबरच्या रात्री गर्जतोय, असं असेल तर कोअरच, दुसरं काही नाही. ज्यांच्या छतांवर सोलर आहे त्यांनी दुपारी बाराचीही नोंद घ्यावी. घरात वापर नसताना सोलर वीज लाइनमध्ये ढकलतं आणि एलटीचं व्होल्टेज भर दुपारीही चढतं. डीपी दुपारी घुमायला लागला तर हे आधी तपासा.

टॅप: दुखण्याचं मूळ मे महिन्यात

व्होल्टेज इतकं का चढलं, ते नेमप्लेटवरच्या टॅपच्या तक्त्यात सापडलं. पाच जागा होत्या: ११५५०, ११२७५, ११०००, १०७२५, १०४५०. प्रत्येकीपुढे एलटी ४३३. आमचा टॅप पाचव्या जागी, १०४५० वर होता. २६८ भागिले २५० गुणिले १०४५० केलं की लाइनवर रात्री सुमारे ११२०० व्होल्ट येत होते असं निघतं. ११ केव्हीच्या लाइनला हे अगदी रास्त आहे. लाइनचा काही दोष नव्हता.

मागच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, सगळ्यांचे कूलर-एसी एकदम सुरू झाले आणि व्होल्टेज पडलं. सोसायटीने तक्रार केली, आलेल्या माणसाने टॅप १०४५० वर घेतला. त्या वेळी ते योग्यच होतं. एचटीचे, म्हणजे ११ केव्हीच्या बाजूचे, वेढे कमी केले की प्रत्येक वेढ्यावर जास्त व्होल्ट पडतात आणि एलटी वर जातं. कोअरमधला B सुद्धा त्याच हिशेबाने वर जातो. उन्हाळा संपल्यावर टॅप परत न्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. हिवाळ्यात लोड गेलं, लाइन चढली, आणि मे महिन्याचा उपाय डिसेंबरात आवाज बनला. नागपूर-विदर्भात हे वारंवार होतं, कारण आपल्याकडे उन्हाळा आणि हिवाळा यांच्या लोडमध्ये फार मोठं अंतर असतं.

टॅप किती हलवायचा, हे रात्रीचा आणि दुपारचा असे दोन्ही आकडे पाहून ठरवायचं. उन्हाळ्यातला सगळ्यात खालचा आकडा, सोसायटीच्या वायरमनने लिहून ठेवलेला, मीटरजवळ २२८ होता. एक जागा हलवून १०७२५ वर घेतलं तर रात्रीचे २६८ उतरून २६१ होतात आणि उन्हाळ्यातले २२८ उतरून २२२. दोन जागा हलवून ११००० वर घेतलं तर रात्री २५५ आणि उन्हाळ्यात २१७. २१७ मीटरजवळ चालले असते, पण शेवटच्या विंगला केबलमध्ये आणखी चार-पाच व्होल्ट जातात, तिथे कंप्रेसरला त्रास झाला असता. म्हणून असं ठरलं की आत्ता दोन जागा हलवायच्या आणि एप्रिलच्या सुरुवातीला एक जागा परत घ्यायची. वर्षातून दोनदा थोडा वेळ वीज बंद ठेवावी लागते, पण मला हाच मार्ग पटतो. बाराही महिने एकाच जागी टॅप ठेवला की कुठल्या तरी मोसमात कुणी तरी सोसतंच.

या डीपीतला टॅप स्विच चालू विजेवर कधीच हलवायचा नसतो. हलवला तर आत ठिणगी पडून वाइंडिंग जळतं आणि माणूसही जाऊ शकतो. एचटी आणि एलटी दोन्ही बाजू तोडून, अर्थिंग करून, परवानाधारक माणसानेच हे काम करायचं, आणि डीपी वीज कंपनीचा असेल तर त्यांच्याच माणसाने. तुम्ही त्यांच्या हातात नोंदींचा कागद द्या. चार दिवसांचे आकडे, टॅपची जागा आणि कुठे न्यायचा आहे ते लिहिलेलं असेल तर "आवाज तर येतोच साहेब" असं उत्तर मिळत नाही. टॅप हलवल्यावर स्विच दोन-तीनदा पूर्ण फिरवून शेवटी जागेवर आणायला सांगा, म्हणजे बरेच दिवस न वापरलेल्या संपर्कांवरचा थर निघतो. वीज सुरू होण्याआधी तिन्ही फेजचं एचटी-एलटी वेढ्यांचं रेशो मोजून घ्यायला सांगा. एका फेजचा संपर्क अर्धवट बसला तर तो नंतर जळतो.

टॅप बदलल्याच्या रात्री तीनला मीटरवर २५५ दिसले. त्याच खिडकीत, त्याच फोनवर घेतलेल्या नोंदीत २०० चं शिखर दोन डेसिबलच्या आसपास उतरलं होतं, आणि ३०० व ४०० चं सात-आठ डेसिबल. घूं पूर्ण गेलं नव्हतं, आणि ते जाणारही नाही. १.७ टेस्लावर चालणारा कोअर बोलतोच. उरलेला आवाज कमी करायचा तर टाकीच्या पायांखाली रबरी पॅड बसवता येतात, तेवढ्याने चौथऱ्यातून भिंतीत जाणारी थरथर तुटते. मधे भिंत बांधून १०० हर्ट्झ अडेल अशी आशा ठेवू नका. साडेतीन मीटरची लाट दीड मीटरच्या भिंतीला वळसा घालून येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. "भाऊ, आता येते आवाज, पण दुरून आल्यासारखा." मी त्यांना पलंग परत जुन्या जागी लावून एक रात्र पाहायला सांगितलं, आणि वायरमनच्या वहीत एप्रिलच्या पानावर टॅप १०७२५ वर आणण्याची नोंद करून ठेवली.